कन्यादानाच्या धोतरावरचा डाग

अकोल्याच्या जठारपेठेत रविकांत ठाकऱ्यांच्या घरात पांढऱ्या कपड्यावर हळद सांडली, तर कोणी घाबरत नसे. ज्याच्या अंगावर सांडली तो सुद्धा जेवण अर्धवट सोडून उठत नसे. "मैनाबाई हायेत ना," एवढं म्हणायचं, वरणाची दुसरी वाटी घ्यायची आणि हात धुताना सदरा मोरीजवळच्या बादलीवर फेकून द्यायचा. दोन दिवसांनी तो पांढराधोप होऊन घडी घातलेला परत येई. कसा आला, हे विचारायची कोणाला गरज वाटली नाही. घरात असं एखादं माणूस असलं की बाकीच्यांना बेफिकीर राहायची चैन करता येते.

मैनाबाई म्हणजे रविकांतची थोरली बहीण. बाविसाव्या वर्षी लग्न होऊन अचलपूरला गेल्या आणि पंचविसाव्या वर्षी एक ट्रंक घेऊन एसटीने परत आल्या. नवऱ्याने, देवमनने, दुसरी बाई घरात आणली होती. भांडण नाही, मारहाण नाही, कोर्ट नाही. "तू जाय आता," एवढंच तो म्हणाला होता. तो अजून धडधाकट आहे, परतवाड्यात त्याचं खताचं दुकान आहे. म्हणजे हिशेबाने मैनाबाई सवाशीण. गळ्यात काळी पोत, कपाळावर कुंकू. पण नवऱ्याने टाकलेल्या बाईचा हिशेब आपल्याकडे कोणी पंचांगात बघून करत नाही. ओटी भरायच्या वेळी "ताई, जरा दुधाकडं पाहता का," असं कोणीतरी म्हणतं आणि ताई दुधाकडे पाहायला जातात. दूध कधी उतू जात नसतं.

डाग काढायचं वेड त्यांना माहेरी आल्यावर लागलं. भावाच्या घरात फुकट खाते असं कोणी म्हणू नये म्हणून त्यांनी आल्या आल्या मोरी ताब्यात घेतली. पहिल्याच महिन्यात वहिनीच्या, म्हणजे सीमाच्या, पांढऱ्या सुती साडीवर भाजीचा रस्सा पडला. मैनाबाईंनी साबण चोळला आणि पिवळा डाग क्षणात लालभडक झाला. त्या रडायलाच बसल्या. वाटलं, साडी गेली, आता इथूनही हाकलतात. घाबरून त्यांनी बाजारातलं ब्लीच भसाभसा ओतलं. डाग गेला, आणि चौथ्या धुण्यात साडीही त्याच जागी विरून गेली. सीमा काही बोलली नाही. न बोलण्यात ती पहिल्यापासूनच हुशार.

त्यानंतर मैनाबाई हळूहळू शिकल्या. साबणाने हळद लाल होते ती साबणाच्या खारामुळे, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. भरपूर पाण्यात खळबळलं, लिंबू पिळलं की परत पिवळी होते. गरम पाणी पहिल्यांदा लावायचं नाही, डाग असेपर्यंत इस्त्री फिरवायची नाही. तेलातली हळद असेल तर आधी तेल काढायचं, कारण तेल आहे तोवर हळद धाग्याला सोडत नाही. मग मेडिकलमधली जखम धुवायची बाटली, तेच ते हायड्रोजनचं पाणी, निम्म्याने पातळ करून डागावर टिपायचं. आणि सगळ्यात शेवटी ऊन. ओला कपडा, डाग वर करून, सरळ उन्हात. हळदीला ऊन सोसत नाही. बाकी सगळं म्हणजे ऊन लागेपर्यंतची तयारी, असं त्या म्हणत. ते उग्र वासाचं ब्लीच त्यांनी पुन्हा कापसाच्या कपड्याला लावलं नाही, आणि त्याच्या बाटलीजवळ लिंबू तर येऊच देत नसत. एकदा दोन्ही एकत्र झालं तेव्हा वाफेने त्यांची छाती दोन दिवस दुखली होती.

डब्यांचंही तेच. सीमा शाळेत मास्तरीण, तिचा डबा प्लास्टिकचा, आणि पुढे इशिताचाही. वरणभात भरून भरून ते डबे आतून पिवळे पडत. मैनाबाई आधी गोडं तेल बोटाने चोळत, मग कोमट पाण्यात साबणाने ते तेल उतरवत. तरी पिवळेपणा राहिला तर खायचा सोडा कालवून लेप देत, आणि उघडे डबे गच्चीच्या कठड्यावर उन्हाकडे तोंड करून मांडत. एक दिवस, फार तर दोन. त्याहून जास्त ठेवले की प्लास्टिक कडक होऊन तडकतं, म्हणून तिसऱ्या दिवशी उचलायचेच. ज्या डब्याला घासणीचे ओरखडे पडलेत त्यातली हळद पूर्ण जात नाही, हेही त्या आधीच सांगून ठेवत. खोटा भरवसा द्यायची त्यांना सवय नव्हती.

इशिता म्हणजे रविकांतची एकुलती एक मुलगी. सीमा शाळेत जायची, म्हणून पोर वाढली ती आत्याच्या कडेवर. बोबडं बोलू लागली ती 'आत्ता' म्हणत, आई नंतर आली. ताप आला की आत्या, दात पडला की आत्या, दहावीच्या अभ्यासाला पहाटे चहा द्यायला आत्या. गच्चीवर डबे मांडताना ही पोर शेजारी बसून विचारायची, "आत्या, ऊन हळद खाते का व?" आणि आत्या म्हणायची, "खाते. पण हळूहळू खाते. दहा वाजता बसलं तं चार वाजता उठते." पोरीने हे पाठ करून ठेवलं होतं.

त्या पोरीचं लग्न ठरलं. मुलगा अंकुर, अमरावतीच्या वकिलाचा. इशिताने साखरपुड्यालाच घरात सगळ्यांसमोर सांगून टाकलं, "मले पहिली हळद आत्या लावन. तिचा नवरा जित्ता हाये, ती सवाशीनच हाये. कोनाले काही म्हणाचं असन तं मले म्हणा." सीमा नेहमीप्रमाणे बोलली नाही. रविकांतने छताकडे पाहिलं. आणि मैनाबाई मोरीत जाऊन नळ सोडून रडल्या. तीस वर्षांत घरातल्या, भावकीतल्या सतरा लग्नांची हळद त्यांनी धुतली होती. नवऱ्यांची धोतरं, करवल्यांच्या ओढण्या, पाटावरच्या चादरी. कपड्यावरून हळद काढायला त्या चालत, अंगावर हळद लावायला चालत नसत. यावर आजवर घरात कोणी हसलंही नाही, इतकं ते सवयीचं झालं होतं. आता एकदा, एका पोरीच्या गालाला, सगळ्यांदेखत हळद लावायची. त्यांना आयुष्यात दुसरं काही नको होतं. त्या दिवसासाठी त्यांनी नवी साडी घेतली, पोपटी रंगाची.

लग्न मे महिन्यातलं. आदल्या दिवशी हळद. अकोल्याचा मे म्हणजे रस्त्यावर कुत्रं दिसत नाही. म्हणून हळद संध्याकाळी पाचला, ऊन उतरल्यावर, असं मैनाबाईंना सांगितलं होतं. सकाळी त्यांनीच तांब्याच्या परातीत हळद कालवली. जुन्या रितीने, तिळाच्या तेलात. वाटी भरून देवापुढे झाकून ठेवली.

साडेदहाला इशिता धापा टाकत मोरीपाशी आली. हातात रविकांतचं कन्यादानाचं धोतर, नवंकोरं, सुती, पांढरंशुभ्र. मधोमध तळहाताएवढा पिवळाजर्द डाग.

"आत्या, घात झाला. हळदीची वाटी कलंडली बाबाच्या धोतरावर. उद्या कन्यादानाले हेच नेसाचं हाये."

"अवो बाई! दे इकडं. काहून रडतं? आज दिवसभराचं ऊन हाये आपल्याजवळ."

"चार वाजेपर्यंत होईन ना?"

"पाचच्या आत होईन. तुले हळद लावाले मी हजर."

"तू वरच बसजो धोतरापाशी," इशिता म्हणाली. तिची नजर धोतरावर होती. "कबुतरं लय झाले गच्चीवर. सोडून येजो नको."

मैनाबाई डोक्यावर ओला पंचा घेऊन, बादली, बाटली आणि दोन लिंबं घेऊन तीन जिने चढून वर गेल्या. चौपन्न वर्षांच्या बाईने मे महिन्यात अकराच्या उन्हात गच्चीवर बसायचं म्हणजे काय, हे ज्याला माहीत आहे त्यालाच कळेल. पण त्या खुशीत होत्या. भावाच्या धोतरावर, पोरीच्या लग्नात, आपल्या हाताचं काम. एखादीला याचाही आनंद होतो. अशा माणसांचा जगात फार उपयोग करून घेतात.

त्यांनी धोतराची उलटी बाजू वर केली आणि गार पाणी सोडलं. निम्मा डाग पाण्याबरोबरच वाहून गेला. त्या थबकल्या, मग हसल्या. "चांगला हाये बाप्पा, सोडून राहिला." बोटाने चाचपून पाहिलं. कुठे चिकटपणा नाही, डागाच्या कडेला तेलाचं वर्तुळ नाही. साबण जरासा लावला, डाग लाल झाला, खळबळल्यावर पिवळा झाला, आणि तोही फिकाच. लिंबू पिळलं, परत धुतलं, बाटलीतलं पाणी पातळ करून टिपलं, आणि ओलं धोतर बाजेवर पसरलं. वाळू लागलं की वरून पाणी शिंपायचं, पुन्हा ऊन. स्वतः त्या पाण्याच्या टाकीच्या वीतभर सावलीत बसल्या.

खालून बायकांच्या गाण्याचा आवाज येत होता. बांगड्या भरणं चाललं असेल, असं त्यांनी धरलं. त्या सुरात सूर मिसळून गुणगुणल्याही. साडेबारा वाजता धोतर उचलून उन्हासमोर धरलं, पुढून बघितलं, मागून बघितलं. डाग कुठे होता हे सांगता येत नव्हतं. तीस वर्षांत इतक्या लवकर हळद निघाली नव्हती. पोरीचं नशीबच चांगलं, असं म्हणत त्यांनी धोतराची घडी घातली आणि डाग निघाला हे तिला कधी सांगू असं होऊन त्या जिना उतरू लागल्या.

मांडवात पाटावर इशिता बसली होती. पिवळी साडी, मुंडावळ्या. गालाला, हातांना, पावलांना हळद. पाच सवाशिणी आंब्याच्या पानाने लावून बाजूला झाल्या होत्या आणि आता सगळ्या बायकांची झुंबड उडाली होती. अमरावतीहून नवरदेवाकडच्या चार बायका उष्टी हळद घेऊन आल्या होत्या, मधल्या खुर्चीवर होणाऱ्या सासूबाई मंजुषाताई बसल्या होत्या. सीमाच्या हातात वाटी होती. सकाळी मैनाबाईंनी तेलात कालवलेली, काठोकाठ भरलेली तीच वाटी. त्यातून फक्त पाच पानांना लागेल एवढीच हळद कमी झाली होती, बाकीच्या बायका उष्टी हळदच लावत होत्या. कलंडलेली वाटी अशी दिसत नाही.

गाणं थांबलं. मैनाबाई दारात, घामाने चिंब, लाल झालेलं तोंड, अंगावर धुण्याचं जुनं लुगडं आणि हातात पांढरीशुभ्र घडी. त्यांना अजून काही कळलं नव्हतं. आपल्याला वेळ चुकीची सांगितली गेली असेल, पाचाऐवजी बाराची हळद असेल, असंच त्यांना वाटलं. त्यांनी हसून घडी पुढे केली.

"निंगाला वो बाई, पार निंगाला. पाह्य."

इशिताने धोतराकडे पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर आनंद नव्हता. ती घाबरली होती. तिच्या तोंडून जे निघालं ते निघूनच गेलं.

"इतक्या लवकर कसा निंगाला?"

बस. एवढ्या एका वाक्याने मैनाबाईंना सगळं कळलं. चार वाजेपर्यंत निघू नये म्हणून लावलेला डाग होता तो. स्वयंपाकघरातल्या डब्यातली चमचाभर हळद, वाटीभर पाणी, आणि ज्या बोटांना धरून त्यांनी पहिली पावलं टाकायला शिकवलं ती बोटं. सीमाने केलं असतं तर त्यांनी ते गिळलं असतं, तिच्याकडून त्यांची अपेक्षाच नव्हती. मंजुषाताईंनी फोनवर काही म्हटलं असेल, तेही चालतं, त्या परक्या. पण ही पोर. ऊन किती वेळात हळद खातं हे हिला शिकवलं कोणी?

"तेल नव्हतं त्यात," मैनाबाई म्हणाल्या. आवाज चढवला नाही. "नुसत्या पाण्यातली हळद थांबत नाही, बाई. पुढच्या टायमाले तेल घालजो."

गर्दीत मंजुषाताईंना बोलणं नीट ऐकू आलं नव्हतं. त्यांनी शेजारणीला विचारलं, "कोण या?" शेजारणीने कानात काहीतरी सांगितलं. मैनाबाईंनी धोतर सीमाच्या हातात दिलं आणि आपल्या मागच्या खोलीत गेल्या. पोपटी साडी खुंटीवर होती. ती त्यांनी घडी करून ट्रंकेत ठेवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मोरीजवळ हळदीच्या कपड्यांचा ढीग पडला. पाटावरची चादर, ओढण्या, सीमाचं पांढरं ब्लाउज, पोरांचे सदरे. नेहमीप्रमाणे कोणीतरी ते धुवेल, असं धरून सगळे आपापल्या कामाला लागले. नऊ वाजले तरी ढीग हलला नाही, तेव्हा सीमाने चिडून सगळं साबणाच्या पाण्यात बुडवलं. टबातलं पाणी रक्तासारखं लाल झालं आणि ती किंचाळली. मग ती मागच्या खोलीच्या दाराशी आली.

"ताई, कपडे लालभडक झाले हो सगळे!"

मैनाबाई बाजेवरून उठल्या नाहीत. "घाबरू नका. तेल हाये त्यात, साबण अजून एक डाव लावून चोळा. मग खळबळून लिंबू पिळा आन उन्हात टाका. जाते." सगळं बरोबर सांगितलं, काही लपवलं नाही. हात मात्र लावला नाही. तीस वर्षांत पहिल्यांदाच. सीमा लिंबं शोधायला गेली.

दहाच्या सुमारास इशिता आली. तिने दार आतून लावून घेतलं. पदराखाली झाकून हळदीची वाटी आणली होती. डोळे सुजलेले.

"आत्या, त्यायनं फोन केला होता. म्हणे, पोराच्या लग्नात अपशकुन नको. आई म्हणे तूच सांग आत्याले. मले तोंडावर सांगनं नाही झालं व. मंग हे डोक्यात आलं. मले वाटलं, तुले कळनारच नाही आन तुले वाईटही वाटनार नाही."

"हो," मैनाबाई म्हणाल्या. "वाईट वाटू नये म्हून उन्हात बसवलं."

"आता लाव. घे. आता कोनी नाही इथं." तिने गाल पुढे केला, लहानपणी नाक पुसायला करायची तसा.

मैनाबाईंचा हात उठला. खरंच उठला. पोरीच्या गालावर कालची पिवळी झाक होती, आणि त्या गालाचा त्यांना तिच्या आईपेक्षा जास्त मोह होता. बोट वाटीपर्यंत गेलं. मग दाराच्या कडीकडे त्यांची नजर गेली आणि त्यांनी हात मागे घेतला.

"कोनी नाही म्हून लावू? हळद लोकायसमोर लावत असतात, इशू. लपून लावली तं तिले डाग म्हणतात. जाय, तुह्ये लोकं वाट पाहून राहिले."

पोर रडत उभी राहिली. बाहेरून मेकअपवालीने हाक मारली, तेव्हा वाटी झाकून ती गेली. मैनाबाईंनी बसल्या जागी पदराने तोंड पुसलं. राग यायला हवा होता, तो येत नव्हता. नुसतं कडू वाटत होतं, आणि ते पाण्याने जात नव्हतं.

लग्नाला त्या गेल्या. न जाऊन सांगायचं कोणाला? गोरज मुहूर्त होता. कार्यालयात तिसऱ्या रांगेत, कूलरच्या उलट्या बाजूला त्यांना खुर्ची मिळाली. रविकांत कन्यादानाला बसला तेव्हा त्याचं धोतर दिव्यांच्या उजेडात असं चमकत होतं की दोन्हीकडच्या बायकांची नजर त्यावर गेली. विधी आटोपल्यावर मंजुषाताई नव्या सुनेला घेऊन बायकांत मिरवत आल्या आणि मैनाबाईंपासून दोन खुर्च्यांच्या अंतरावर बसल्या. कौतुकाने म्हणाल्या, "इशिता, तुझ्या बाबांचं धोतर किती शुभ्र आहे गं! काल तर त्यावर हळद सांडली होती म्हणे. कोणी काढून दिला डाग?"

इशिताने मान वर केली. आत्या समोरच होती, हात लांब केला असता तर पदर हाताला लागला असता. आजूबाजूला दहा-बारा बायका होत्या, दोन्ही घरच्या. चोरून नाही, दार लावून नाही, अगदी सगळ्यांसमोर. मैनाबाईंनी खुर्चीचा हात घट्ट धरला. त्यांना वाटलं, आता बोलेल. एक नाव, चार अक्षरं. त्याला हळद लागत नाही, मुहूर्त लागत नाही.

"लाँड्रीत दिलं होतं," इशिता म्हणाली.

"कुठल्या? आमच्याकडं अमरावतीत एक धड लाँड्रीवाला नाही. मला नंबर दे त्यांचा."

इशिताने आत्याकडे पाहिलं, आणि लगेच मान खाली घातली.

"जठारपेठेत होती," ती म्हणाली. "आता बंद झाली ती."

मैनाबाईंनी पर्स उचलली आणि त्या जेवणाच्या रांगेकडे न जाता बाहेर ऑटो पाहायला गेल्या. शेवटचं तेवढं पोरगी खरं बोलली, असं त्यांना वाटलं.